फोटोडायोडचा करंट व्होल्टेजमध्ये आणायचा तर फीडबॅक रेझिस्टर किती घ्यायचा

बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड, एक ऑप-अँप आणि एक रेझिस्टर, एवढ्यात लाइट मोजायचं सर्किट होतं हे खूप जणांना माहीत असतं. पण रेझिस्टर किती घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण नेटवर दिसलेली १०० के नाहीतर १ मेग व्हॅल्यू टाकतात, मग आउटपुट एकतर पाच व्होल्टला चिकटतं नाहीतर दोनशे मिलीव्होल्टच्या वर जायचं नावच घेत नाही. हा लेख फक्त त्या एका रेझिस्टरबद्दल आहे, आणि तो कसा काढायचा ते एका खऱ्या कामावर दाखवतो, कारण नुसत्या फॉर्म्युल्याने हे डोक्यात बसत नाही.

काम असं होतं. दादरला एका अभ्यासिकेत टेबलांवर एलईडी दिवे आहेत, पोरं रात्री उशिरापर्यंत वाचत बसतात, आणि कुठल्या टेबलावर किती उजेड पडतो ते आर्डुइनो ऊनोवर नोंदवायचं होतं. सप्लाय यूएसबीचा ५ व्होल्ट. सगळ्यात जास्त उजेड म्हणजे दिव्याच्या बरोबर खाली, तिथे आउटपुट साधारण ४ व्होल्ट यावं आणि पूर्ण अंधारात जवळजवळ शून्य. ही झाली आपली आउटपुट रेंज.

आधी, ऑप-अँप लागतोच कशाला

फोटोडायोडवर उजेड पडला की तो करंट देतो आणि हा करंट उजेडाच्या सरळ प्रमाणात असतो, उजेड दुप्पट तर करंट दुप्पट. मग डायोडलाच एक मोठा रेझिस्टर लावून त्यावरचा व्होल्टेज का नाही वाचायचा? कारण तो व्होल्टेज डायोडच्या स्वतःच्या दोन पायांवरच येतो, आणि साधारण ०.३ - ०.४ व्होल्ट झाला की डायोड स्वतःच फॉरवर्ड बायस होऊन आपला करंट आतल्या आत गिळतो. त्यापुढे कितीही उजेड टाका, व्होल्टेज जेमतेम सरकतो. आपल्याला ४ व्होल्ट हवेत, ते असे कधीच मिळणार नाहीत.

ऑप-अँप इथे डायोडवरचा व्होल्टेज वाढूच देत नाही. फीडबॅक रेझिस्टर आउटपुटपासून मायनस इनपुटपर्यंत लावला की ऑप-अँप दोन्ही इनपुट एकाच व्होल्टेजवर ठेवायला धडपडतो, आणि ते जमवायला जेवढा करंट डायोड ओढेल तेवढाच करंट त्याला रेझिस्टरमधून पाठवावा लागतो. तेवढ्यासाठी आउटपुट जेवढं वर न्यावं लागतं तोच आपला सिग्नल. म्हणजे आउटपुट बरोबर करंट गुणिले रेझिस्टर, आणि डायोडला मात्र वाटतं की आपण शॉर्ट आहोत. यालाच ट्रान्सइम्पिडन्स अँप्लिफायर म्हणतात.

सामान आणि जोडणी

लॅमिंग्टन रोडला गेलात तर बीपीडब्ल्यू३४ नावानेच मागा, नुसतं फोटोडायोड म्हटलं तर एलईडीसारखा गोल फोटोट्रान्झिस्टर हातात पडू शकतो आणि त्याचं गणित वेगळं असतं. ऑप-अँप एमसीपी६००२ घ्या, आठ पायांचा, एका सप्लायवर चालणारा, इनपुट करंट पिकोअँपमध्ये आणि आउटपुट दोन्ही टोकांच्या अगदी जवळ जातं. एलएम३५८ सगळीकडे मिळतो पण ५ व्होल्ट सप्लायवर त्याचं आउटपुट साधारण साडेतीन व्होल्टच्या वर जात नाही, शिवाय त्याचा इनपुट करंट वीस-चाळीस नॅनोअँपमध्ये असतो जो मोठ्या रेझिस्टरवर उगाच मिलीव्होल्ट तयार करतो. टीएल०७२ तर ५ व्होल्टच्या एकेरी सप्लायवर नकोच, त्याचे इनपुट ग्राउंडजवळ काम करत नाहीत.

डायोडचा एनोड कुठला ते ओळखायला मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून डायोड दिव्याखाली धरा, मीटर प्लस दाखवत असताना लाल प्रोब ज्या पायावर असेल तो एनोड. आता एनोड ग्राउंडला आणि कॅथोड एमसीपी६००२ च्या पिन २ ला म्हणजे मायनस इनपुटला. पिन १ आउटपुट, फीडबॅक रेझिस्टर १ आणि २ च्या मध्ये. पिन ४ ग्राउंड, पिन ८ ला ५ व्होल्ट, आणि या दोघांमध्ये अगदी आयसीला खेटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

पिन ३ म्हणजे प्लस इनपुट, इथे थोडं थांबा. ही पिन थेट ग्राउंडला लावली तरी सर्किट चालतं, पण कुठल्याही ऑप-अँपचं आउटपुट अगदी शून्यावर जात नाही, एमसीपी६००२ सुद्धा वीस-पंचवीस मिलीव्होल्ट राखून थांबू शकतो, मग सगळ्यात मंद उजेड त्या पट्ट्यात हरवतो. म्हणून ५ व्होल्टपासून ४७ के आणि तिथून ग्राउंडला १ के असा डिव्हायडर करायचा आणि मधला बिंदू पिन ३ ला, त्या १ के वर ०.१ मायक्रोफॅरड. तिथे ५ भागिले ४८ म्हणजे ०.१०४ व्होल्ट येतो. आता अंधारात आउटपुट ०.१०४ व्होल्टवर बसेल आणि उजेड पडला की तिथून वर चढेल. पुढे कळेल की हे छोटंसं बायस बिघाड शोधायलाही फार कामी येतं.

आयसीमधला दुसरा ऑप-अँप मोकळा सोडू नका, पिन ६ आणि ७ एकमेकांना जोडा आणि पिन ५ ला पिन ३ च्याच बिंदूला लावा.

खरा करंट मोजा, डेटाशीटवर थांबू नका

आता रेझिस्टर. फॉर्म्युला सोपा आहे:

```
Rf = (Vmax - Vdark) / Imax
```

Vmax आपण ४ व्होल्ट धरला. ५ का नाही, तर यूएसबीचा सप्लाय पुष्कळदा पाचाच्या खाली असतो, लांब केबलवर पावणेपाचपर्यंत येतो, आणि ऑप-अँपला वरच्या टोकालाही थोडी जागा लागते, शिवाय उद्या कोणी जरा जास्त तेजाचा दिवा लावला तर मीटर लगेच आंधळा होऊ नये. Vdark ०.१. वर उरले ३.९ व्होल्ट.

सगळी गफलत Imax मध्ये होते. बीपीडब्ल्यू३४ च्या डेटाशीटमध्ये लिहिलेलं असतं १००० लक्सला साधारण ७० मायक्रोअँप. ते बघून माणूस ३.९ भागिले ७० मायक्रो करतो, ५५.७ के येतं, आणि ४७ के लावून मोकळा होतो. पण त्या ओळीत एक अट असते, तो उजेड स्टँडर्ड इल्युमिनंट ए चा आहे म्हणजे जुन्या टंगस्टन बल्बसारखा. टंगस्टनच्या उजेडात इन्फ्रारेड भरपूर असतं, लक्स मात्र डोळ्याला दिसतं तेवढंच मोजतं, आणि बीपीडब्ल्यू३४ चा कान नेमका ९०० नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात तिखट आहे जिथे आपल्याला काहीच दिसत नाही. पांढऱ्या एलईडीत इन्फ्रारेड जवळजवळ नसतंच. त्यामुळे तेवढ्याच लक्सला एलईडीखाली करंट कित्येक पटीने कमी येतो.

म्हणून सर्किट जोडायच्या आधी नुसता डायोड घ्या, मल्टिमीटर डीसी २०० मायक्रोअँप रेंजवर ठेवा आणि प्रोब सरळ डायोडच्या दोन पायांना लावा, मीटर डायोडला जवळजवळ शॉर्टच करतो, म्हणजे ऑप-अँप ज्या परिस्थितीत डायोड ठेवणार आहे तीच. साध्या मीटरमध्ये या रेंजवर आत १ के चा शंट असतो, दहा मायक्रोअँपला त्यावर १० मिलीव्होल्ट पडतात, त्याने काही बिघडत नाही. २००० मायक्रोअँपची रेंज वापरू नका, तिथे शेवटचा आकडाच एक मायक्रोअँपचा असतो आणि आठ की नऊ यातच सगळा फरक पडतो.

आमच्या टेबलावर दिव्याच्या बरोबर खाली मीटरने ८.० मायक्रोअँप दाखवले. डेटाशीटच्या भरवशावर ४७ के लावला असता तर आउटपुट अंधारापेक्षा जेमतेम ०.३८ व्होल्ट वर आलं असतं आणि ऊनोच्या १०२४ पायऱ्यांपैकी ७७ च वापरात आल्या असत्या. खऱ्या करंटवर गणित केलं तर:

```
Rf = 3.9 V / 8.0 uA = 487 kohm
```

४८७ के काही सरसकट मिळत नाही, तेव्हा जवळची खालची व्हॅल्यू ४७० के. नेहमी खालचीच घ्यायची, वरची घेतली की जी जागा मुद्दाम राखली तीच खाल्ली जाते. ४७० के ने ८ मायक्रोअँपला ३.७६ व्होल्ट, त्यात ०.१ मिळवले की ३.८६. ऊनोवर हे साधारण ७७० पायऱ्या झाले आणि एक पायरी म्हणजे दहा नॅनोअँपच्या आसपास. रेझिस्टर १ टक्क्याचा मेटल फिल्म घ्या, कार्बनपेक्षा तापमानाला तो स्थिर असतो.

मीटर सरासरी दाखवतो, दिवा मात्र लुकलुकतो

इथपर्यंत बरेच जण नीट येतात आणि इथे फसतात. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झ, त्यामुळे स्वस्त ड्रायव्हरचा एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला कळत नाही, मल्टिमीटरलाही कळत नाही, तो निवांत सरासरी ८.० दाखवतो. पण फोटोडायोड इतका वेगवान असतो की त्याला प्रत्येक शिखर दिसतं. समजा शिखर १३ मायक्रोअँपचं आहे, मग ४७० के वर ६ व्होल्टच्या वर जायला हवं, सप्लायच ५ चा, म्हणजे प्रत्येक शिखराचा माथा छाटला जातो. मल्टिमीटरने आउटपुट बघाल तर ३.८६ ऐवजी काहीतरी कमी दिसेल आणि वाटेल की रेझिस्टरच कमी पडला, मग तुम्ही अजून मोठा लावाल आणि अजून छाटाल.

आता पुष्कळ जण म्हणतात की आउटपुटनंतर रेझिस्टर-कपॅसिटर फिल्टर लावू, सरासरी मिळेल. नाही मिळणार. ऑप-अँपने माथा आधीच कापलाय, फिल्टर उरलेल्याचीच सरासरी काढणार. सरासरी ऑप-अँपच्या आत शिरायच्या आधीच व्हायला हवी, आणि त्यासाठी कपॅसिटर फीडबॅक रेझिस्टरलाच समांतर लावायचा, पिन १ आणि २ च्या मध्ये. तिथे लावला की लुकलुकणारा करंट कपॅसिटरमधून जातो आणि आउटपुटला उड्या माराव्याच लागत नाहीत.

आम्ही ०.२२ मायक्रोफॅरड लावला, २२४ लिहिलेला फिल्म कपॅसिटर. ४७० के बरोबर त्याची कटऑफ दीड हर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे १०० हर्ट्झचा लुकलुकाट साधारण ६५ पट कमी. ५ मायक्रोअँपची उसळी आधी २.३५ व्होल्टची झाली असती ती आता ३६ मिलीव्होल्टवर आली. किंमत एवढीच की दिवा लावल्यावर आकडा स्थिर व्हायला अर्धा सेकंद जातो, टेबलावरचा उजेड मोजायला त्याने काही फरक पडत नाही. इलेक्ट्रोलायटिक मात्र इथे नको, त्याची गळती थेट आपल्या करंटमध्ये मिसळते.

तुम्हाला जर लुकलुकाटच बघायचा असेल, म्हणजे दिवा किती वाईट आहे ते, तर मग उलट विचार करा. Imax शिखराचा धरायचा, १३ मायक्रोअँप, ३.९ भागिले १३ म्हणजे ३०० के, खालची सहज मिळणारी व्हॅल्यू २७० के. पण तेव्हाही कपॅसिटर पूर्ण काढू नका. डायोडची स्वतःची कपॅसिटन्स शून्य बायसला ७० पिकोफॅरडच्या आसपास असते, ती मायनस इनपुटवर बसून फीडबॅकला उशीर करते आणि ऑप-अँप स्वतःच्याच आउटपुटवर थरथरू लागतो. हा अंदाज लावा:

```
Cf = sqrt( Cin / (2 * pi * Rf * GBW) )
```

Cin वायरिंग धरून ८० पिकोफॅरड, एमसीपी६००२ चा गेन-बँडविड्थ १ मेगाहर्ट्झ, रेझिस्टर २७० के, उत्तर ७ पिकोफॅरडच्या आत-बाहेर येतं. १० पिकोफॅरडचा सिरॅमिक लावा, बँडविड्थ तरीही ५९ किलोहर्ट्झ उरते, १०० हर्ट्झ बघायला ती खूपच झाली.

चालू केल्यावर काय तपासायचं

डायोडवर काळी टेप लावा आणि आउटपुट बघा. ०.१०४ च्या आसपास यायला हवं, ऑप-अँपच्या ऑफसेटमुळे चार-पाच मिलीव्होल्ट इकडेतिकडे चालतात, जो आकडा येईल तो लिहून ठेवा आणि पुढे तोच वजा करा. आता टेप काढा. आउटपुट वर चढलं तर ठीक. ०.१ वरून खाली शून्याकडे गेलं तर डायोड उलटा लागलाय, पाय फिरवा. बायस दिलं नसतं तर उलटा डायोड आणि मेलेला डायोड दोन्ही शून्यच दाखवतात आणि माणूस तासभर ब्रेडबोर्ड उचकत बसतो.

आउटपुट पाचाजवळ चिकटलं असेल तर मीटर पिन २ वर लावा. सर्किट शुद्धीत असेल तोवर पिन २ आणि पिन ३ वर एकच व्होल्टेज असतो. पिन २ खाली गेलेली दिसली, अगदी ग्राउंडच्याही खाली मायनसमध्ये, तर समजायचं की डायोड जेवढा करंट ओढतोय तेवढा ऑप-अँप ४७० के मधून पाठवूच शकत नाहीये. म्हणजे रेझिस्टर मोठा आहे किंवा उजेड ठरवल्यापेक्षा जास्त आहे. अभ्यासिकेची खिडकी पश्चिमेला असेल तर संध्याकाळी हे हमखास होतं, थेट उन्हात बीपीडब्ल्यू३४ दोन-तीन मिलीअँपपर्यंत करंट देऊ शकतो आणि आपलं सर्किट दहा मायक्रोअँपच्या थोडं पुढे संपतं. एकाच रेझिस्टरने ऊन आणि टेबल लॅम्प दोन्ही मोजायचा नाद सोडा, उन्हासाठी १ के चा दुसरा रेझिस्टर जम्परवर ठेवा.

मुंबईच्या पावसाळ्यात अजून एक. बोर्डवर फ्लक्स राहिला आणि हवा दमट असली की ५ व्होल्टच्या ट्रॅकपासून पिन २ पर्यंत गळती सुरू होते. ही गळती १ गिगाओहमची धरली तरी ५ नॅनोअँप झाले, ४७० के वर ते अडीच मिलीव्होल्टसुद्धा नाहीत म्हणून आपण सुटतो, पण कोणी चांदण्याचा उजेड मोजायला १० मेग लावला तर तेच ५० मिलीव्होल्ट होतात आणि अंधाराचा आकडा रोज वेगळा येतो. पिन २ चा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि ती वायर आखूड ठेवा.

पिन १ ऊनोच्या A0 ला जोडली की वाचायला एवढं पुरे, अंधाराचा आकडा तुमचा टाका:

```
long s = 0;
for (int i = 0; i < 200; i++) {
  s += analogRead(A0);
  delay(1);
}
float v = s / 200.0 * 5.0 / 1024.0;
float uA = (v - 0.104) / 0.47;
```

यात ५.० च्या जागी बोर्डवर मीटरने मोजलेला खरा सप्लाय लिहा, ऊनो त्याच्याशीच तुलना करतो.

आणि रेझिस्टर बरोबर बसला का याची मला सगळ्यात आवडणारी तपासणी, हिला ऑसिलोस्कोप लागत नाही. दोन दिवे घ्या आणि ते असे लांब ठेवा की दोन्ही मिळून तुमचा सगळ्यात जास्त उजेड होईल. डायोड हलवायचा नाही. फक्त पहिला लावून वाचा, फक्त दुसरा लावून वाचा, मग दोन्ही लावून, प्रत्येक वेळी अंधाराचा आकडा वजा करून. पहिल्याने १.९० व्होल्ट आणि दुसऱ्याने १.७० दिले तर दोघांनी मिळून ३.६० द्यायला हवेत, एक-दोन पायऱ्यांचा फरक सोडला तर बरोबर तेवढेच, कारण करंटची बेरीज होतेच. ३.३० आले तर वर कुठेतरी माथा छाटला जातोय, मग मल्टिमीटरवर आउटपुट ५ पासून कितीही लांब दिसत असो. आधी फीडबॅकमधला कपॅसिटर खरंच १ आणि २ च्या मध्येच बसलाय ना ते बघा, तो ठीक असेल तर ४७० के काढून ३९० के लावा आणि हीच बेरीज परत करून बघा.